विक्रीत मागे पडलेल्या माणसाचा सुधारणा प्लॅन: नव्वद दिवसांत नेमकं काय मोजायचं?

गेल्या काही वर्षांत हिंजवडी-खराडीतल्या नोकरकपातीच्या बातम्यांबरोबर ‘पीआयपी’ हा शब्द घराघरात पोचला. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे काम कमी पडणाऱ्या माणसाला ठरावीक मुदतीत काय सुधारायचं आणि त्यासाठी कंपनी काय देणार, हे सांगणारा लेखी कागद. पण हा कागद हातात पडला की घरी सांगताना माणसाचा आवाज बसतो, कारण बहुतेकांच्या लेखी त्याचा अर्थ एकच: तीन महिन्यांनी नारळ.

मी पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात विक्रीचं काम बघतो आणि असे प्लॅन लिहिले आहेत. पहिला मी फार वाईट लिहिला होता. ‘विक्रीत लक्षणीय वाढ करावी, ग्राहकांशी संपर्क वाढवावा, सकारात्मक दृष्टिकोन ठेवावा’ अशी तीन वाक्यं आणि खाली साठ दिवसांची मुदत. तो मुलगा साठ दिवस जिवाच्या आकांताने फिरला. शेवटी आम्ही समोरासमोर बसलो, तेव्हा ‘लक्षणीय’ म्हणजे किती हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. तो नोकरी सोडून गेला. चूक माझी होती, आणि ती कागदाच्या पहिल्या ओळीतच होती.

पुढचं उदाहरण त्यानंतरचं, दुसऱ्या एका मुलाचं आहे. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत, पण हिशोबाची रीत तीच आहे.

## आधी गळती कुठे आहे ते शोधा

आम्ही कारखान्यांना स्क्रू एअर कॉम्प्रेसर, म्हणजे दाबाखालची हवा पुरवणारी मशीन, विकतो. एका मशीनची ऑर्डर सरासरी चार लाखांची. प्रत्येक सेल्स एक्झिक्युटिव्हला महिन्याला सहा मशीनचं, म्हणजे चोवीस लाखांचं टार्गेट. या मुलाकडे भोसरी, मोशी आणि चाकणचा काही भाग होता. सहा महिन्यांत छत्तीस मशीन व्हायला हवी होती, झाली पंधरा.

घरात नळाला पाणी कमी आलं की आपण नळ बदलत नाही. आधी टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, मग पाइप. विक्रीतही तसंच करावं लागतं. ऑर्डर हा शेवटचा नळ. त्याच्या आधी व्हिजिट, एन्क्वायरी, मशीन-रूममधली पाहणी, कोटेशन आणि भावाची बोलणी असे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर याचा आकडा काय आणि टीममधल्या बाकीच्या तिघांचा सरासरी काय, हे शेजारी-शेजारी मांडलं.

व्हिजिट भरपूर होत्या. कोटेशन तर त्याची जास्त होती: बाकीच्यांची सरासरी एकशे दहा, याची एकशे अठ्ठावीस. म्हणजे ‘मुलगा आळशी आहे’ हा ऑफिसातला समज इथेच संपला. फरक पाहणीत होता. बाकीच्यांनी सहा महिन्यांत सरासरी बासष्ट ठिकाणी कोटेशनआधी हवेची मोजणी केली होती, याने सतरा ठिकाणी.

आता मोजणी म्हणजे काय ते एकदाच सांगतो. कॉम्प्रेसरला लॉगर नावाचं यंत्र दोन-तीन दिवस जोडून ठेवतात. मशीन किती वेळ खरोखर हवा भरतं आणि किती वेळ नुसतंच फिरतं, हे त्यात नोंदलं जातं. साधा स्क्रू कॉम्प्रेसर हवा न भरतादेखील हवा भरतानाच्या विजेच्या साधारण पंचवीस ते तीसएक टक्के वीज खातो. हे कारखानदाराला त्याच्याच मशीनच्या आकड्यांत दाखवलं की बोलणी किमतीवरून वीजबिलावर येतात. मोजणी नसेल तर ग्राहकासमोर फक्त आपला भाव आणि शेजाऱ्याचा भाव, एवढंच उरतं.

त्याच्या पंधरा ऑर्डरची फोड केली तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. मोजणी केलेल्या सतरांपैकी नऊ ऑर्डर आल्या होत्या, निम्म्याहून जास्त. मोजणीविना पाठवलेल्या एकशे अकरा कोटेशनमधून फक्त सहा. म्हणजे त्याला विकता येत होतं. तो मोजणीपर्यंत पोचतच नव्हता.

## माणसाला विचारल्याशिवाय कारण लिहू नका

आकडे कुठे दुखतंय ते सांगतात, का दुखतंय ते सांगत नाहीत. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच लहान युनिटना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून गुरुवारी सकाळी त्याला ऑफिसात बोलावलं.

‘‘मोजणी का नाही करत तू?’’

‘‘सर, लॉगर मिळतच नाही. सर्व्हिसवाले म्हणतात, आज नाही, सोमवारी ये. सोमवारी गेलो की दुसरं कोणीतरी घेऊन गेलेलं असतं. मग कस्टमर म्हणतो, आधी रेट पाठव. मी पाठवतो.’’

थोडं थांबून म्हणाला, ‘‘आणि एकदा लावला होता तेव्हा रीडिंग चुकलं. कस्टमरसमोर. तेव्हापासून जरा…’’ पुढे बोलला नाही.

तपास केला. कंपनीत तीन लॉगर होते आणि ते व्यवहारात तीन सीनियर लोकांकडेच असत. शिवाय त्याच्या ई-मेल काढून बघितल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. खास सवलतीचा भाव हवा असेल तर हेड ऑफिसची मंजुरी लागते आणि त्याला ती मिळायला सरासरी सहा दिवस लागत होते. सीनियर लोक थेट फोन करून दोन दिवसांत घेत होते. सहा दिवसांत भोसरीतला कारखानदार दुसऱ्याशी व्यवहार करून मोकळा होतो.

याच टप्प्यावर आणखी दोन गोष्टी तपासा. मधल्या काळात एरिया बदलला किंवा कापला गेला का, आणि त्याप्रमाणे टार्गेट बदललं का? एखादा मोठा ग्राहक काढून दुसऱ्याला द्यायचा आणि जुनं टार्गेट तसंच ठेवायचं, असं खूप ठिकाणी होतं. आणि ही खरंच कामगिरीची अडचण आहे की गैरवर्तनाची? खोटी प्रवासबिलं लावली असतील तर तो चौकशीचा विषय आहे. तिथे सुधारणा प्लॅन लिहिणं चुकीचं, आणि कामगिरीच्या प्रश्नाला शिस्तभंगाचा रंग देणं त्याहून चुकीचं.

## उद्दिष्ट असं लिहा की तिसऱ्या माणसालाही मोजता यावं

आमच्या धंद्यात पहिल्या भेटीपासून पर्चेस ऑर्डर हातात यायला साधारण अडीच महिने लागतात. या एका आकड्यावर सगळा प्लॅन उभा राहतो किंवा पडतो. पेरणीनंतर महिन्याने कोणी पोती मोजायला जात नाही, उगवण बघतात. तसंच इथे पहिल्या महिन्यात ऑर्डर मोजणं निरर्थक असतं, कारण त्या महिन्यातल्या ऑर्डर जुन्या कामाच्या असतात. म्हणून साठ दिवसांचा प्लॅन आमच्याकडे चालतच नाही. नव्वद दिवस हवेत. रोज विकणाऱ्या मालाला, उदाहरणार्थ किराणा डिस्ट्रिब्युशनला, पंचेचाळीस दिवसही पुरतील. मुदत विक्रीच्या चक्राहून लांब असली पाहिजे.

उद्दिष्टं दोन प्रकारची लागतात. एक, त्याच्या हातातल्या कामाची. दुसरं, निकालाचं. नुसतं काम मोजलं तर तो मोजण्या करत राहील आणि मशीन विकणार नाही. नुसता निकाल मोजला तर चुकतंय कुठे हे शेवटच्या दिवशी कळेल.

आम्ही तीनच लिहिली. पहिलं: पहिल्या महिन्यात सहा, दुसऱ्यात आठ आणि तिसऱ्यात दहा मोजण्या, एकूण चोवीस. बाकीचे महिन्याला दहाएक करतात, म्हणजे तिसऱ्या महिन्यात तो त्यांच्या बरोबरीला येतो. मोजणी धरायची ती लॉगरची फाइल सीआरएमवर, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरवर, चढवली असेल आणि पाहणीच्या फॉर्मवर ग्राहकाची सही असेल तरच. दुसरं: मोजणी संपल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत वीजबचतीच्या हिशोबासह कोटेशन, आणि प्रत्येक चालू कोटेशनपुढे पुढच्या भेटीची तारीख. तिसरं: नव्वद दिवसांत दहा मशीन, म्हणजे चाळीस लाख.

दहाच का, अठरा का नाही, हा प्रश्न हेड ऑफिसने विचारलाच. तिमाहीचं पूर्ण टार्गेट अठरा आहे हे खरं. पण हिशोब बघा. मोजणी केलेल्यांपैकी निम्म्या ऑर्डर होतात असं धरलं, तरी शेवटच्या दीड महिन्यातल्या बहुतेक मोजण्या मुदतीत पिकणारच नाहीत. पहिल्या दीड महिन्यात साधारण दहा मोजण्या, त्यातून पाच ऑर्डर. जुन्या कोटेशनमधून एरवी तिमाहीला सात-आठ येतात, पण आता त्याचा वेळ मोजणीत जाणार, म्हणून पाचच धरल्या. झाल्या दहा. अठरा लिहिले असते तर बाकीच्या तिघांनाही जे त्या तिमाहीत जमलं नसतं ते याच्याकडून मागितल्यासारखं झालं असतं. सहा महिन्यांत त्यांच्याही सरासरी तेहतीसच ऑर्डर होत्या.

‘सकारात्मक दृष्टिकोन’, ‘मालकी हक्काची भावना’ असले शब्द कागदात येऊच देऊ नका. वागणुकीबद्दल खरंच काही सांगायचं असेल तर दिसणारी कृती लिहा: ‘ग्राहकाला दिलेली भेटीची वेळ बदलली तर आधी फोन करावा.’

## कंपनीने दिलेला शब्दही तितकाच मोजून लिहा

बहुतेक प्लॅनमध्ये हा भाग एका ओळीचा असतो: ‘आवश्यक ते मार्गदर्शन देण्यात येईल.’ कोण देणार, कधी, किती, काहीच नाही. कर्मचाऱ्याच्या उद्दिष्टाला आकडा आणि तारीख लागते, तर कंपनीच्या वचनालाही लागते.

आमच्या कागदात असं होतं. पहिल्या सोमवारपासून एक लॉगर फक्त त्याच्या नावावर. जबाबदारी सर्व्हिस मॅनेजरची. पहिल्या सहा मोजण्यांना ॲप्लिकेशन इंजिनिअर बरोबर जाईल: दोन तो स्वतः करून दाखवेल, दोन दोघांनी मिळून, दोन मुलगा करेल आणि इंजिनिअर नुसता बघेल. सवलतीच्या भावाला दोन कामकाजाच्या दिवसांत होय किंवा नाही, जबाबदारी माझी. महिन्यात दोन वेळा मी भावाच्या बोलणीला सोबत जाईन, पण बोलेल तो.

इथे एक ताळा करून बघावा लागतो, जो पुष्कळ लोक विसरतात. एक लॉगर एका ठिकाणी दोन-तीन दिवस राहतो. महिन्यात दहा मोजण्या म्हणजे पंचवीस दिवस. म्हणजे एका लॉगरमध्ये दहाचा आकडा जेमतेम बसतो, एक दिवसही तो दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. हे मांडल्यावरच चौथा लॉगर विकत घ्यायची मंजुरी मिळाली. उद्दिष्ट आणि साधनं यांचा असा गुणाकार आधी केला नाही, तर अशक्य उद्दिष्ट आपल्या नकळत लिहिलं जातं.

आणि एक कलम मी आता प्रत्येक कागदात घालतो: ‘वर लिहिलेली मदत ठरलेल्या तारखेला मिळाली नाही, तर जितके दिवस उशीर तितके दिवस मुदत वाढेल.’ मंजूर रजा आणि आजारपणालाही हेच. आजारपणाचा तपशील मात्र कागदावर लिहू नये, नुसते दिवस लिहावेत.

## तपासणी कधी आणि कशाची

दर गुरुवारी अर्धा तास. गुरुवारच का? कारखाने बंद, त्यामुळे त्याची एकही व्हिजिट बुडत नाही. एरवी चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी पार करून ऑफिसला येण्यात त्याची अर्धी सकाळ गेली असती. या अर्ध्या तासात तीनच गोष्टी: गेल्या आठवड्यातल्या मोजण्या, अडकलेली कोटेशन, आणि कंपनीचं कोणतं वचन राहिलं. तिसरी गोष्ट त्यानेच आधी बोलायची असं ठरवलं होतं, नाहीतर ती कधी निघतच नाही.

याशिवाय तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी एचआरसह बैठक. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत चार-पाच ओळींची नोंद ई-मेलने दोघांना. तिसाव्या दिवशी फक्त मोजण्या आणि कोटेशनची वेळ बघायची. साठाव्या दिवशी चालू कोटेशनपैकी किती जण भावाच्या बोलणीपर्यंत आले ते. ऑर्डरचा निर्णय नव्वदाव्या दिवशी.

आमच्या तिसाव्या दिवशी मोजण्या सहाऐवजी पाच निघाल्या, आणि त्याचं कारण आमचंच होतं: लॉगर चार दिवस उशिरा मिळाला. नोंद झाली, मुदत चार दिवसांनी वाढली. साठाव्या दिवशी दुसरीच अडचण दिसली. मोजण्या होत होत्या, हिशोब बरोबर होते, पण भेट पर्चेसवाल्याबरोबर होत होती. वीजबिलाची झळ पर्चेसला बसत नाही, ती प्लांट हेडला किंवा मालकाला बसते. म्हणून पुढच्या महिन्यासाठी एक ओळ वाढवली: बचतीचा हिशोब वीजबिल बघणाऱ्या माणसासमोरच मांडायचा. ही मधली तपासणी नसती तर हे शेवटी कळलं असतं, किंवा कळलंच नसतं.

## ‘हा तर काढायचाच कागद असतो ना?’

कधी कधी असतो, हे मान्य केलं पाहिजे. तो ओळखायचा कसा? उद्दिष्ट टीममधल्या चांगल्या लोकांनाही जमलेलं नसेल, मुदत विक्रीच्या चक्राहून लहान असेल, कंपनीच्या बाजूला नाव आणि तारीख नसेल, आणि पहिल्या दोन आठवड्यांत एकही बैठक झाली नसेल, तर निर्णय आधीच झाला आहे असं समजायला जागा आहे.

असा कागद हातात आला तर सही करू नये का, असं लोक विचारतात. सही म्हणजे बहुतेक वेळा ‘मिळालं’ एवढंच, सगळं मान्य असा अर्थ होतोच असं नाही. पण ते स्पष्ट लिहावं. ‘प्रत मिळाली. उद्दिष्ट तीनबद्दल माझं म्हणणं सोबत जोडलं आहे,’ असं सहीखाली लिहून आपल्या अडचणी आकड्यांसह त्याच दिवशी ई-मेलने पाठवाव्यात. कंपनीच्या बाजूने सांगायचं तर हा कागद नियुक्तिपत्राची जागा घेत नाही. नोकरी संपवायची वेळ आलीच तर नोटिशीच्या अटी नियुक्तिपत्रातल्या आणि लागू कायद्यातल्याच राहतात.

## ‘सेल्समध्ये आकडाच बोलतो, मग एवढं कशाला?’

हे माझ्याच वरिष्ठांनी विचारलं होतं. आकडा बोलतो, पण ‘पंधरा’ हा आकडा आळशी माणसाचाही असू शकतो आणि लॉगर न मिळालेल्याचाही. याला काढून नवा माणूस आणला असता, तर त्यालाही लॉगर मिळाला नसता आणि त्याचीही मंजुरी सहा दिवस अडकली असती. नवा माणूस एरियात रुळून पहिली ऑर्डर आणेपर्यंत चार-पाच महिने जातात, ते वेगळेच.

दुसरी शंका जास्त खरी आहे: मोजण्या मोजल्या की माणूस मोजण्याच वाढवेल, कुठेही लॉगर लावेल. होतं असं. म्हणूनच फाइल आणि ग्राहकाची सही सक्तीची, आणि दर आठवड्याला मी त्यातली एक कोणतीही निवडून ग्राहकाला फोन करत असे. हे त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. चोरून केलेली तपासणी कळली की पुढचे सगळे गुरुवार वाया जातात.

## निकालाचे तिन्ही रस्ते आधीच लिहा

दहा किंवा जास्त मशीन आणि चोवीस मोजण्या: प्लॅन बंद. सात ते नऊ मशीन आणि मोजण्या पूर्ण: एकदाच तीस दिवस वाढ. सातपेक्षा कमी, किंवा मदत मिळूनही मोजण्या अठरांच्या खाली: दुसऱ्या कामावर बदली शक्य आहे का ते बघायचं, नाहीतर नोकरी संपवायची. हे पहिल्याच दिवशी कागदावर असलं की शेवटच्या दिवशी कोणाचा मूड कसा आहे यावर काही ठरत नाही. या काळातला इन्सेंटिव्हही थांबवू नका. त्याने आणलेल्या ऑर्डरचे पैसे नेहमीच्या नियमाने मिळाले पाहिजेत.

आमच्या मुलाच्या मोजण्या सव्वीस झाल्या आणि मशीन नऊ. एक कमी. हेड ऑफिसला त्याला काढून टाकावंसं वाटत होतं, मला प्लॅन बंद करावासा वाटत होता. कागदावर वाढ लिहिली होती, म्हणून वाढ दिली. वाढीच्या दुसऱ्या आठवड्यात भोसरीतल्या एका प्रेस शॉपची ऑर्डर आली. तिथे जुनं मशीन दिवसातले पाच तास नुसतंच फिरत होतं आणि मालकाने तो आलेख भिंतीवर चिकटवून ठेवला होता. चौथा महिना संपेपर्यंत आणखी तीन झाल्या.

मग प्लॅन बंद केल्याचं पत्र दिलं. हे पत्र बरेच जण द्यायचं राहू देतात आणि फाइलीत नुसता प्लॅन उरतो, जो दोन वर्षांनी अप्रेझलच्या वेळी कोणीतरी काढतो. आमच्या पत्रात तारीख होती, चार महिन्यांचे आकडे होते, आणि ‘हा विषय इथे संपला असून पुढच्या मूल्यमापनात तो धरला जाणार नाही’ असं एक वाक्य होतं. त्याने ते उभ्यानेच वाचलं, घडी घालून बॅगेत ठेवलं आणि विचारलं, ‘‘सर, लॉगर माझ्याकडेच राहील ना?’’